दोन वजा चिन्हांचा हिशेब

कलनशास्त्राच्या दोन जनकांपैकी एक असलेल्या लाइब्निट्सने १६७६ सालच्या एका टिपणात वर्गमुळाच्या आत दडलेल्या a + bz + cz² या राशीचं अवकलन केलं होतं. आज आपण ज्याला साखळी नियम किंवा सरळ चेन रूल म्हणतो, त्याचा हा पहिलाच वापर असावा असं मानतात. आणि त्याच हिशेबात चिन्ह चुकलेलं आहे! बारावीच्या पोरांनी एवढ्यावर खूश व्हायला हरकत नाही.

हे चिन्ह नेमकं निसटतं कुठे, ते एका साध्या उदाहरणात पाहू. y = 1/(3 − 2x) याचं डेरिव्हेटिव्ह काढायचं आहे. हे एकात एक बसवलेलं फंक्शन आहे: आत 3 − 2x, त्याला u म्हणू, आणि बाहेर 1/u. x बदलला की आधी u बदलतो आणि u बदलला म्हणून y बदलतो. x = 1 घेतला तर u = 1 आणि y सुद्धा 1. आता x किंचित वाढवून 1.01 करा. u घटून 0.98 होतो, म्हणजे x जेवढा वाढला त्याच्या दुप्पट u खाली आला. हा वेग −2. पण भागणारी संख्या लहान झाली की भागाकार मोठा होतो, म्हणून y चढून 1.0204 च्या आसपास जातो. u च्या तुलनेत y उलट दिशेने सरकतो, आणि u = 1 जवळ त्याचा वेग −1 आहे. साखळी नियम एवढंच सांगतो की या दोन वेगांचा गुणाकार करा: (−1) × (−2) = 2.

कागदावर हे असं दिसतं. 1/u म्हणजे u⁻¹, त्याचं डेरिव्हेटिव्ह −u⁻². आतल्या 3 − 2x चं −2. दोन्ही गुणून

dy/dx = −(3 − 2x)⁻² × (−2) = 2/(3 − 2x)²

यात वजा चिन्हं दोन आहेत आणि ती दोन वेगळ्या ठिकाणांहून आली आहेत: एक बाहेरच्या घातांकातून, दुसरं आतल्या कंसातून. वहीत मात्र बरेचदा −2/(3 − 2x)² सापडतं. विद्यार्थ्याला ‘आतल्याचं डेरिव्हेटिव्ह गुणायचं’ हे पाठ असतं, त्याप्रमाणे तो 2 गुणतोही. पण बाहेरचं वजा नुकतंच लिहून झालेलं असतं, त्यामुळे वजाचं काम उरकलं असं त्याला वाटतं.

दुसरी चूक माझ्या मते जास्त घातक आहे, कारण ती निव्वळ लिहिण्यातून होते. −2 भोवती कंस न घालता पोरं −(3 − 2x)⁻² − 2 असं लिहितात. लिहिताना मनात गुणाकारच असतो, पण पुढच्या ओळीवर उतरताना डोळे वजाबाकी वाचतात. x = 1 ठेवला की उत्तर येतं −1 − 2, म्हणजे −3. खरं उत्तर 2, पहिल्या चुकीचं −2. गुणताना ऋण संख्येला कंस घालायचाच, एवढ्या सवयीने ही दुसरी चूक टळते. पहिली टळत नाही, तिच्यासाठी पडताळा हवा.

पडताळा अवघड नाही. x 0.01 ने वाढल्यावर y 0.0204 ने वाढला; भागाकार 2.04. पाऊल आणखी लहान करून x = 1.001 घेतला, तर 1/0.998 म्हणजे सुमारे 1.002004, आणि भागाकार 2.004. तो 2 कडेच सरकतो आहे. −2 लिहिणाऱ्याने निदान एवढं स्वतःला विचारावं: x वाढताना y वाढतोय की घटतोय? तो वाढत असेल तर डेरिव्हेटिव्ह ऋण असूच शकत नाही.

इथे एक खड्डा आहे. कोणी घाईने x = 1 आणि x = 2 या दोन किमती तपासल्या तर y आधी 1 आणि मग −1 मिळतो. फंक्शन उतरतंय, म्हणजे −2 च बरोबर, असं वाटू शकतं. पण मध्ये x = 1.5 ला छेद शून्य होतो, तिथे फंक्शनला किंमतच नाही आणि आलेख तुटतो. त्या तुटीच्या पलीकडे पाहा: x = 2 ला y = −1, x = 2.1 ला छेद −1.2, म्हणून y सुमारे −0.83. म्हणजे तिथेही तो चढतोच आहे. 2/(3 − 2x)² मध्ये खाली वर्ग असल्यामुळे उत्तर कुठेही ऋण होत नाही, हे त्याच्याशी जुळतं. म्हणून पडताळ्यासाठी दोन बिंदू अगदी जवळचे घ्यावेत, आणि त्यांच्यामध्ये छेद शून्य होत नाही ना, हे आधी पाहावं.