मुलांची औषधे : मिलिग्रॅम की मिलिलिटर?

मिलिग्रॅम हे औषधाचे माप आहे, मिलिलिटर हे ते औषध ज्या द्रवात घातले आहे त्या द्रवाचे. मुलाच्या शरीरावर परिणाम मिलिग्रॅमचा होतो, पण आईच्या हातातल्या झाकणावर किंवा ड्रॉपरवर खुणा मिलिलिटरच्या असतात. या दोहोंना जोडणारी तिसरी संख्या बाटलीच्या लेबलवर बारीक अक्षरांत छापलेली असते. ती म्हणजे औषधाची तीव्रता, दर मिलिलिटरमध्ये किंवा दर ५ मिलिलिटरमध्ये किती मिलिग्रॅम. गोळीच्या बाबतीत हा प्रश्न फारसा येत नाही, कारण ५०० मिलिग्रॅमची गोळी ही एक गोळीच असते. द्रव औषधात मात्र ‘किती द्यायचे’ याचे उत्तर हातात कोणती बाटली आहे यावर बदलते.

गेल्या हप्त्यात वजनावरून मात्रा कशी काढतात ते आले होते. तोच हिशेब पॅरासिटामॉलला लावला की अडचण नेमकी कुठे आहे ते दिसते. महाराष्ट्रातल्या कोणत्याही औषधाच्या दुकानात लहान मुलांचे पॅरासिटामॉल निदान तीन रूपांत मिळते. एका सिरपमध्ये ५ मिलीला १२० किंवा १२५ मिग्रॅ असते, दुसऱ्यात ५ मिलीला २५० मिग्रॅ, आणि तान्ह्या बाळांच्या थेंबांच्या बाटलीत १ मिलीला १०० मिग्रॅ. बरेचदा तिन्हींवर एकच व्यापारी नाव असते. फरक असतो तो नावापुढच्या आकड्यात, ‘फोर्ट’ किंवा ‘डीएस’ अशा शेपटात, आणि खोक्याच्या रंगात. अनेकांना थेंबांची बाटली लहान, म्हणून तिच्यातले औषधही सौम्य असावे असे वाटते. प्रत्यक्षात सर्वांत तीव्र औषध तिच्यातच असते. बाळाला थोड्याच द्रवात पुरेसे औषध पोचावे, म्हणून ते मुद्दाम तसे बनवलेले असते.

आता ८ किलो वजनाचे, आठ-नऊ महिन्यांचे बाळ घेऊ. पॅरासिटामॉलची एका वेळची मात्रा दर किलोला १० ते १५ मिग्रॅ, म्हणजे या बाळाला ८० ते १२० मिग्रॅ. मोजायला सोपे म्हणून १०० मिग्रॅ धरले, तर १२५च्या सिरपचे ४ मिली होतात, २५०च्या सिरपचे २ मिली आणि थेंबांचे १ मिली. औषध तेच, मात्रा तीच, आणि आकडे तीन.

चिठ्ठीवर औषधाचे नाव आणि पुढे नुसते ‘४ मिली’ लिहिलेले आहे, आणि घरी थेंबांची बाटली आली, असे समजू. बाळाला एका वेळी ४०० मिग्रॅ जाईल, म्हणजे किलोला ५० मिग्रॅ. दिवसातून चार वेळा दिले तर १६०० मिग्रॅ होतात. या वजनाच्या बाळाला २४ तासांची सर्वसाधारण मर्यादा किलोला ६० मिग्रॅप्रमाणे ४८० मिग्रॅ आहे. इथे चूक आरडाओरड करत येत नाही. ताप उतरतो आणि बाळ शांत झोपते. यकृतावरचा घाव दिसायला एक-दोन दिवस जातात. सुरुवातीला उलट्या, मलूलपणा, दूध नको होणे इतकेच दिसते, आणि ते तापाच्या आजारातच खपून जाते. एन-ॲसिटिलसिस्टीन हा उतारा उत्तम आहे, पण एकदम मोठी मात्रा पोटात गेली असेल तर पहिल्या आठ तासांत दिल्यावर तो सर्वांत चांगला लागू पडतो. म्हणून अशी शंका आली, तर लक्षणांची वाट न पाहता बाटली घेऊन थेट रुग्णालय गाठावे लागते.

उलटी चूकही तितकीच खरी आहे. ‘१ मिली’ थेंबांसाठी लिहिले आणि घरात १२५चे सिरप होते, तर बाळाला जेमतेम २५ मिग्रॅ मिळतात. ताप उतरत नाही, ‘हे औषध याला लागू पडत नाही’ असे घरात ठरते आणि विनाकारण दुसरे, कडक औषध आणले जाते. या चुकीची नोंद कुठेच होत नाही, म्हणून ती कमी होते असे वाटते.

एका औषध दुकानदार वाचकांनी या संदर्भात नेमका प्रश्न विचारला आहे : चिठ्ठीवर सिरपची तीव्रता आणि मिली असे दोन्ही असेल, तर पुन्हा मिग्रॅ कशाला? गुणाकार करून ते काढता येतेच. प्रश्न इतका रास्त आहे की जाहीर केलेला विषय बाजूला ठेवून हा हप्ता त्यालाच दिला आहे.

उत्तर असे की तीव्रता, मिलिग्रॅम आणि मिलिलिटर या तीन संख्या एकमेकींवर पहारा ठेवतात. ‘१२५ मिग्रॅ/५ मिली, एका वेळी १०० मिग्रॅ (४ मिली)’ असे लिहिले की हिशेब जुळतो की नाही हे वाचणाऱ्याला लगेच पडताळता येते. डॉक्टरांच्या हातून चुकून ‘१०० मिग्रॅ (१० मिली)’ लिहिले गेले, तर दोन आकडे भांडतात आणि दुकानदार फोन उचलतो. नुसते ‘१० मिली’ लिहिले असते तर भांडायला कोणीच नव्हते. दुसरे कारण दुकानातल्या रोजच्या व्यवहाराचे आहे. १२५चे सिरप संपलेले असते आणि २५०चे शिल्लक असते. चिठ्ठीवर मिग्रॅ असेल तर डॉक्टरांना अभिप्रेत काय होते ते ठाऊक असते. मग बाटली बदलण्यास डॉक्टरांची संमती घेतली की नवे मिली काढून खोक्यावर लिहिणे उरते. मिग्रॅ हा हेतू आहे आणि तो बाटलीबरोबर बदलत नाही. मिली ही कृती आहे आणि ती प्रत्येक बाटलीबरोबर बदलते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण २००९ सालचे, अमेरिकेतले आहे. स्वाइन फ्लूची साथ सुरू होती. त्याच वर्षी पुण्यात घरोघरी परिचित झालेले ओसेल्टामिव्हिर हे औषध तिथे मुलांना द्रवरूपात दिले जात होते, १ मिलीला १२ मिग्रॅ या तीव्रतेचे. खोक्यात मोजण्यासाठी सिरिंज येत होती, पण तिच्यावर खुणा मिलीच्या नव्हत्या. त्या ३०, ४५ आणि ६० मिग्रॅच्या होत्या. सहा वर्षांच्या एका मुलीच्या बाटलीवर दुकानाने सूचना चिकटवली होती : पाऊण चमचा, दिवसातून दोनदा. हातातल्या सिरिंजवर चमचा नव्हता आणि लेबलवर मिलिग्रॅम नव्हते. चमचा ५ मिलीचा, म्हणून पाऊण चमचा म्हणजे ३.७५ मिली, त्याला १२ने गुणले की बरोबर ४५ मिग्रॅ. सूचना बरोबर होती आणि सिरिंजही बरोबर होती. पण दोघींच्या मध्ये जो गुणाकार होता, तो आजारी मुलीच्या आईवडिलांवर टाकलेला होता. हा प्रकार वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याच सप्टेंबरात तिथल्या औषध प्रशासनाने डॉक्टर आणि औषध विक्रेत्यांना सूचना दिली की लेबलवरचे एकक आणि मोजण्याच्या साधनावरचे एकक एकच असले पाहिजे.

साथीत औषधाचा तुटवडा पडला, तेव्हा दुकानांमध्ये कॅप्सूल फोडून द्रव बनवण्याची पद्धतही दिलेली होती. त्याची तीव्रता १ मिलीला १५ मिग्रॅ होती. २०११मध्ये कंपनीने स्वतःचे औषध ६ मिग्रॅ/मिली केले आणि सिरिंजवर मिलीच्या खुणा आणल्या. म्हणजे दोन-तीन वर्षांत त्याच ४५ मिग्रॅसाठी ३.७५ मिली, ३ मिली आणि ७.५ मिली असे तीन आकडे प्रचारात आले. जुनी सवय म्हणून नव्या बाटलीतून ३.७५ मिली दिले, तर मुलाला २२.५ मिग्रॅ, नेमके निम्मे औषध मिळाले असते. तिन्ही काळांत न बदललेली गोष्ट एकच होती, चिठ्ठीवरचे ‘४५ मिग्रॅ’. तो आकडा असला तरच बाकीचे नव्याने काढता येतात.

मग नुसते मिलिग्रॅम लिहून का भागत नाही? कारण मिलिग्रॅम मोजायचे साधन बहुतेक घरांत नसते. ‘१०० मिग्रॅ’ पाहून घरचा माणूस ५ मिलीच्या झाकणाकडे पाहत राहतो किंवा शेजाऱ्याला विचारतो. शिवाय मिग्रॅ आणि मिली हे कागदावर सहज अदलाबदल होणारे शब्द आहेत, आणि काही औषधे ही अदलाबदल अंगवळणी पाडतात. सेटिरिझिनच्या नेहमीच्या सिरपमध्ये ५ मिलीला ५ मिग्रॅ असते. तिथे २.५ मिग्रॅ म्हणजे २.५ मिली, कसेही वाचले तरी बिघडत नाही. त्या सवयीने दुसरे औषध वाचले की घात होतो. ‘५ मिग्रॅ’च्या जागी ५ मिली जाते, आणि मिलीला १० मिग्रॅ असलेल्या औषधात ती दसपट मात्रा असते.

चांगल्या चिठ्ठीवर म्हणून एवढे असते : मुलाचे वजन, औषधाचे मूळ नाव, सिरप की थेंब, तीव्रता, एका वेळचे मिग्रॅ, कंसात मिली, किती तासांनी आणि २४ तासांत जास्तीत जास्त किती वेळा. आपल्या बाळासाठी ती ओळ अशी होईल : ‘वजन ८ किलो. पॅरासिटामॉल सिरप १२५ मिग्रॅ/५ मिली. १०० मिग्रॅ (४ मिली) ताप असल्यास, दर ६ तासांनी, दिवसात ४ वेळांपेक्षा जास्त नाही.’ १२०च्या सिरपचे काटेकोर उत्तर ४.१७ मिली येते, पण झाकणावर तशी खूण नसते. ४ मिली लिहिणेच शहाणपणाचे, कारण जी मात्रा मोजता येत नाही ती अंदाजाने दिली जाते. दशांश चिन्हाचीही काळजी हवी. अर्धा मिली ‘०.५’ असाच लिहावा, शून्याशिवाय टिंब पुसट झाले की ५ उरतात. आणि पूर्ण ५ला ‘५.०’ लिहू नये, त्याचे ५० होतात.

खोक्यावर घरच्यांसाठी लिहिताना मात्र क्रम उलटा असावा. तिथे मिली मोठ्या अक्षरांत आणि मिग्रॅ लहान, कारण तो आकडा पाहूनच औषध ओतले जाणार असते. थेंबांच्या बाटलीतला ड्रॉपर दुसऱ्या औषधाला वापरायचा नाही, ही सूचना तिथेच द्यावी. मात्रेनुसार काही ड्रॉपरवर थेट मिग्रॅच्या खुणा असतात आणि त्या त्याच बाटलीपुरत्या खऱ्या असतात.

ही दुहेरी नोंद सगळ्याच चुका पकडत नाही. वजन अंदाजाने ठरवले असेल, तर मिग्रॅ आणि मिली एकमेकांशी चोख जुळूनही दोन्ही चुकीचे असतात. म्हणून वजन चिठ्ठीवर तारखेसह लागते. सहा महिन्यांपूर्वीची चिठ्ठी वापरताना बाळ ८ किलोचे राहिलेले नसते. सर्दी-तापाच्या मिश्र सिरपमध्ये पॅरासिटामॉल असते आणि वेगळे पॅरासिटामॉलही चालू असते, ही चूकही एका ओळीकडे पाहून कळत नाही. त्यासाठी दोन्ही बाटल्यांवरचे घटक वाचावे लागतात.

ॲमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल एकत्र असलेल्या कोरड्या सिरपचा विषय या हप्त्यात यायचा होता. त्यात मिलिग्रॅम नेमके कोणत्या घटकाचे मोजायचे हा वेगळाच पेच आहे, आणि पावडरीत पाणी किती घातले यावर तीव्रता ठरते. तो पुढच्या आठवड्यात.