लंबकाच्या जर्नलमधला दशांश

अकरावीच्या जर्नलमध्ये लंबकाचा प्रयोग असतो: दोऱ्याला टांगलेला गोळा, वीस दोलनांचा वेळ, त्यावरून गुरुत्वत्वरण g. एका जर्नलात उत्तर आहे ९.८२०४. तपासणाऱ्याने इथेच थांबावं.

नोंदी बघू. लांबी १०० सेंटिमीटर, वीस दोलनांना ४०.१ सेकंद. स्टॉपवॉच चालू-बंद करताना बोट साधारण ०.२ सेकंदाने मागेपुढे होतं, म्हणजे चूक अर्धा टक्का. सूत्रात दोलनकाळाचा वर्ग येत असल्याने ती दुप्पट, एक टक्का होते. मोजपट्टीची मिलिमीटरभर चूक त्यापुढे नगण्य. मग एवढ्या नोंदीवर ९.८ ± ०.१ इतकंच म्हणता येतं; पुढचे आकडे कॅल्क्युलेटरने दिलेले आहेत, लंबकाने नाहीत.

आता आलेख. लांबी आडव्या अक्षावर, दोलनकाळाचा वर्ग उभ्या अक्षावर. विद्यार्थ्याने बिंदू एकेक जोडून नागमोडी रेघ काढली आणि चढ काढला शेवटच्या दोन बिंदूंवरून. ९० आणि १०० सेंटिमीटरच्या नोंदींमध्ये वर्गाचा फरक फक्त ०.४, एका बिंदूतली एक टक्का चूक ०.०४ असते, म्हणजे चढ थेट दहा टक्क्यांनी बिघडतो. g ८.९ येईल किंवा १०.९. सगळ्या बिंदूंमधून एकच सरळ रेघ ओढून तिच्यावरचे दूरदूरचे दोन बिंदू घेतले, तर ही चूक खूपच आटोक्यात येते.

निष्कर्षात लिहिलंय: ‘दोलनकाळ वस्तुमानावर अवलंबून नसतो.’ विधान खरं आहे, पण तक्त्यात गोळा एकच आहे. दुसऱ्या वजनाचा गोळा कधी टांगलाच नाही!