शाब्दिक उदाहरणाचे असमानतांत रूपांतर आणि शिरोबिंदूवरील इष्टतम उत्तर : एक विवेचन

प्रस्तावना

रेषीय प्रोग्रॅमिंगच्या उदाहरणात आलेख काढणे व बिंदूंच्या किमती काढणे हा भाग यांत्रिक असतो. खरा निर्णय त्याआधी, म्हणजे वाक्याची असमानता करताना होऊन जातो. तेथे झालेली चूक पुढील आकडेमोडीत सहसा उघडकीस येत नाही. किंबहुना चुकीच्या असमानतेतूनही बरोबर उत्तर निघू शकते. प्रस्तुत लेखात एकच उदाहरण घेऊन ही बाब स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे. आकडे गणनेच्या सोयीसाठी गृहीत धरले आहेत.

उदाहरण

एका शेतकऱ्याकडे रब्बी हंगामासाठी 9 एकर जमीन आहे. विहिरीवरील पंप दररोज 3 तास याप्रमाणे हंगामात 72 दिवस चालू शकतो. कांद्याला 8 पाळ्या व हरभऱ्याला 2 पाळ्या पाणी द्यावे लागते आणि प्रत्येक पाळीस एकरी 6 तास लागतात. जमिनीचा कस टिकावा म्हणून हरभऱ्याखालील क्षेत्र कांद्याखालील क्षेत्राच्या निम्म्याहून कमी नसावे, असे त्याने ठरविले आहे. कांद्यापासून एकरी 30,000 रुपये व हरभऱ्यापासून एकरी 12,000 रुपये निव्वळ नफा अपेक्षित आहे. जास्तीत जास्त नफ्यासाठी कोणते पीक किती एकरांत घ्यावे?

वाक्यांपासून असमानतांकडे

प्रथम चलांचा अर्थ पूर्ण वाक्यात लिहावा. x म्हणजे कांद्याखालील एकर आणि y म्हणजे हरभऱ्याखालील एकर. नुसते ‘x = कांदा’ असे लिहिल्यास x हे क्षेत्र, उत्पादन की नफा, याविषयी संदिग्धता राहते आणि पुढील बहुतेक गोंधळ तेथूनच सुरू होतो.

जमिनीची मर्यादा सरळ आहे : x + y ≤ 9. सर्व जमीन वापरलीच पाहिजे असे उदाहरणात म्हटलेले नाही, म्हणून येथे समीकरण लिहिणे चुकीचे ठरेल.

पाण्याच्या मर्यादेत एककांकडे लक्ष द्यावे लागते. दररोजचे 3 तास आणि हंगामाच्या पाळ्या एकाच असमानतेत घालता येत नाहीत. दोन्ही बाजू हंगामी तासांत आणल्यास उपलब्ध वेळ 3 × 72 = 216 तास, कांद्याची गरज एकरी 48 तास व हरभऱ्याची एकरी 12 तास होते. म्हणजे 48x + 12y ≤ 216, आणि 12 ने भागून 4x + y ≤ 18.

तिसरी मर्यादा सर्वांत फसवी आहे. योग्य रूप y ≥ x/2 असे आहे. परंतु अनेक विद्यार्थी ‘निम्मे’ हा गुणक हरभऱ्याच्या चलाला जोडतात आणि y/2 ≥ x, म्हणजेच y ≥ 2x असे लिहितात. ही उलटापालट केवळ आपल्या वर्गापुरती नाही. जॉन क्लेमेंट यांनी 1982 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ‘विद्यार्थी प्राध्यापकांच्या सहापट आहेत’ या वाक्याचे समीकरण अभियांत्रिकीच्या अनेक विद्यार्थ्यांनीही 6S = P असे उलटे मांडल्याचे आढळले होते.

ही चूक ओळखण्याचा उपाय सोपा आहे. असमानतेकडे न पाहता मूळ वाक्याला एक परवानगी असलेली व एक निषिद्ध जोडी विचारावी. कांदा 4 एकर व हरभरा 2 एकर ही जोडी वाक्यास मान्य आहे; कांदा 4 व हरभरा 1 ही मान्य नाही. y ≥ x/2 मध्ये पहिली जोडी बसते व दुसरी बसत नाही. y ≥ 2x मात्र पहिलीही नाकारते, म्हणून ती त्याज्य होय. शेवटी x ≥ 0, y ≥ 0 या अटी आणि Z = 30000x + 12000y हे उद्दिष्ट फलन लिहिले की मांडणी पूर्ण होते.

शिरोबिंदू व इष्टतम उत्तर

सर्व असमानता एकाच वेळी पाळणाऱ्या बिंदूंचे शक्य क्षेत्र हा एक चौकोन असून त्याचे शिरोबिंदू (0, 0), (0, 9), (3, 6) आणि (4, 2) हे आहेत. तेथे Z च्या किमती अनुक्रमे 0, 1,08,000, 1,62,000 आणि 1,44,000 येतात. म्हणून 3 एकर कांदा व 6 एकर हरभरा हे इष्टतम उत्तर होय.

येथे एक मोह टाळावा. x + y = 9 आणि y = x/2 या रेषा (6, 3) येथे छेदतात व तेथे Z = 2,16,000 येते. परंतु त्या बिंदूसाठी 324 तास पाणी लागेल. रेषांचा प्रत्येक छेदनबिंदू शिरोबिंदू नसतो. त्याने उरलेल्या सर्व मर्यादाही पाळल्या पाहिजेत.

उत्तर शिरोबिंदूवरच का मिळते, हे कडेकडेने चालून पाहिल्यास समजते. (0, 9) पासून (3, 6) पर्यंत जमिनीची मर्यादा घट्ट आहे. एक एकर कांदा वाढविण्यासाठी एक एकर हरभरा सोडावा लागतो व नफा 18,000 रुपयांनी वाढतो. (3, 6) च्या पुढे पाणी अपुरे पडते. तेथे एका एकर कांद्यासाठी चार एकर हरभऱ्याचे पाणी द्यावे लागते, म्हणजे 30,000 मिळविताना 48,000 गमवावे लागतात. कडेवर नफ्याची वाढ वा घट एकाच दराने होते; दर बदलतो तो कोपऱ्यावरच. जॉर्ज डँटझिग यांची 1947 मधील सिम्प्लेक्स पद्धती याच रीतीने एका शिरोबिंदूवरून शेजारच्या अधिक चांगल्या शिरोबिंदूकडे जाते.

लपलेली चूक

आता y ≥ 2x ही उलटी मर्यादा घेऊन तेच उदाहरण सोडवू. y = 2x ही रेषा (3, 6) मधूनच जाते. शक्य क्षेत्र आक्रसून (0, 0), (0, 9), (3, 6) हा त्रिकोण उरतो आणि उत्तर पुन्हा (3, 6) हेच येते. केवळ अंतिम उत्तर पाहणाऱ्या परीक्षकास ही मांडणी निर्दोष वाटेल.

मात्र कांद्याचा भाव चढून एकरी नफा 60,000 झाला असे समजा. आता (3, 6) च्या पुढे जाताना प्रत्येक एकर कांद्यामागे 60,000 − 48,000 = 12,000 रुपये लाभ होतो. योग्य मांडणीत (4, 2) येथे 2,64,000 मिळतात. उलट्या मांडणीत (4, 2) हा बिंदूच नसल्याने उत्तर (3, 6) वर अडकते व 2,52,000 मिळतात. शेतकऱ्याचे 12,000 रुपयांचे नुकसान होते. (4, 2) मध्ये 3 एकर जमीन पडीक राहते, ही चूक नव्हे. तेथे अडसर पाण्याचा आहे, जमिनीचा नाही. नफा नेमका 48,000 असल्यास (3, 6) ते (4, 2) या कडेवरील सर्व बिंदू सारखेच इष्टतम ठरतात.

मर्यादा व निष्कर्ष

या मांडणीलाही मर्यादा आहेत. 216 तास ही हंगामाची बेरीज आहे. दोन्ही पिकांच्या पाळ्या एकाच आठवड्यात आल्यास बेरीज पुरूनही त्या आठवड्यात पाणी कमी पडेल. अशा वेळी प्रत्येक कालखंडासाठी स्वतंत्र असमानता लिहावी लागेल. तसेच एकरी नफा क्षेत्र वाढले तरी स्थिर राहतो, हेही गृहीतकच आहे.

विवेचनाचा सारांश असा की, उत्तर बरोबर येणे हा मांडणी बरोबर असल्याचा पुरावा नाही. इष्टतम बिंदूवर ज्या मर्यादेचा प्रभाव पडत नाही, तिच्यातील चूक तेथे दिसत नाही. भाव बदलले की ती समोर येते. म्हणून प्रत्येक असमानता आलेखावर जाण्यापूर्वीच, तिच्या मूळ वाक्यावर पारखून घेणे आवश्यक ठरते.