लांब जाळीखालचं पाणी

फ्लॅटच्या बाथरूममध्ये शॉवरखाली भिंतीलगत लांबट जाळी बसवायची फॅशन आहे. तिचा खरा फायदा उताराचा: गोल जाळीला चारी बाजूंनी उतार लागतो, हिला एकाच दिशेने, त्यामुळे मोठ्या टाइल्स कापाव्या लागत नाहीत. 1200 मिलिमीटर लांबीच्या जागेत 80 ला 1 उतार म्हणजे फक्त 15 मिलिमीटरचा फरक. तो लेव्हल लावून तपासा.

ट्रॅपमध्ये साचलेलं पाणी गटाराचा वास अडवतं. हे पाणी 50 मिलिमीटर खोल हवं. काही बुटक्या ड्रेनमध्ये ते जेमतेम 20 असतं. घर काही दिवस बंद राहिलं की सुकतं आणि वास येतो. स्लॅब खाली घेतलेला असेल, तर खोल ट्रॅपच घ्या.

गळती मात्र बहुधा ड्रेनच्या कडेला होते. टाइल्सच्या फटींतून पाणी झिरपतंच, म्हणून वॉटरप्रूफिंगचा थर ड्रेनच्या पत्र्याच्या कडेवर जाळीसह चिकटवून घ्यावा आणि भिंतीवरही चढवावा. मग ड्रेनचं तोंड बंद करून 48 तास पाणी साठवा. खालच्या छताला ओल दिसली, तर टाइल्स लावू देऊ नका.