अनोळखी कविता आणि सव्वा तास

आयबी डिप्लोमाच्या इंग्रजी साहित्याच्या पहिल्या पेपरात मुलांपुढे वर्गात न शिकवलेला उतारा येतो, आणि बऱ्याचदा ती कविता असते. स्टँडर्ड लेव्हलला दोनांपैकी एक उतारा निवडायचा, वेळ सव्वा तास, गुण २०. हायर लेव्हलला दोन्हींवर लिहायचं, सव्वादोन तासांत. समज, विश्लेषण, मांडणी आणि भाषा यांना प्रत्येकी ५ गुण. म्हणजे मांडणीला भाषेइतकंच वजन आहे, आणि घाईत सगळ्यात आधी कोसळते ती मांडणीच.

राज्य मंडळातून आलेल्या मुलांची अडचण आणखी वेगळी असते. दहावीला रसग्रहणात त्यांनी आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्यं असे तीन कप्पे भरलेले असतात. अनोळखी कवितेवरही ती तशीच लिहितात : आधी अर्थ, मग अलंकार, शेवटी भाषा. इथे मात्र अर्थ आणि भाषा एकाच वाक्यात यावे लागतात, कारण विचारलेलं असतं ते हेच की या शब्दांमुळे हा अर्थ कसा घडला.

उदाहरणासाठी मी एक छोटी कविता रचली आहे. परीक्षेतली कविता इंग्रजीत असते आणि सहसा याहून मोठी, पण काम हेच.

मोजणी

साखळी ओढत माणूस आला,
खुंट्या ठोकल्या, आकडे लिहिले.
पाच पावलं तिकडे थोरला,
पाच पावलं इकडे धाकटा.
बांधावरच्या आंब्यापाशी
साखळी थोडी अडली.
कुणीच काही बोललं नाही.
मग आकडे पुढे गेले.
आई ओसरीवर बसून
तांदूळ निवडत होती,
एकेक खडा
बाजूला ठेवत

पहिलं वाचन पेन खाली ठेवून करायचं. कोण, कुठे, काय चाललंय, एवढंच. केंब्रिजमध्ये आय. ए. रिचर्ड्स यांनी विद्यार्थ्यांना कवींची नावं न सांगता कविता दिल्या आणि त्यांची टिपणं १९२९च्या ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ या पुस्तकात तपासली. त्यांनी अडचणींची जी यादी केली तिच्यात पहिली होती साधा सरळ अर्थच न लागण्याची. आजही उत्तरं तिथेच घसरतात. इथला साधा अर्थ असा : दोन भावांच्या शेताची मोजणी चालू आहे आणि आई तांदूळ निवडते आहे. ‘ही शेतकऱ्याच्या दारिद्र्याची कविता आहे’ असं लिहिणाऱ्याने कविता न वाचता ‘बांधावरच्या’ हा शब्द वाचला.

दुसऱ्या वाचनात एकच गोष्ट शोधायची : कविता कुठे वळते? वळण सापडलं की मांडणी निम्मी झाली. ते ओळखायला क्रियापदं बघावीत. इथे पहिल्या आठ ओळींत आला, ठोकल्या, लिहिले, अडली, गेले अशी क्रियापदं आहेत. प्रत्येक कृती होते आणि संपते. नवव्या ओळीत आई येते आणि ‘निवडत होती’, ‘ठेवत’ असं सुरू होतं. तिचं काम संपतच नाही. शेवटी पूर्णविरामही नाही. त्याआधी सहाव्या ओळीवर एक छोटं वळण आहे, साखळी अडते तिथे. म्हणजे कवितेचे तीन टप्पे झाले : मोजणी, अडखळणं, आई.

तिसऱ्या वाचनात पेन घ्यायचं आणि या तीन टप्प्यांशेजारीच खुणा करायच्या. साऱ्या उपमा-प्रतिमा गोळा करायचा मोह टाळावा. प्रत्येक टप्प्यातल्या दोन किंवा तीन जागा पुरतात.

मग एक वाक्य लिहायचं, ज्यावर सगळं उत्तर उभं राहील. त्यासाठी उताऱ्याखालचा मार्गदर्शक प्रश्न पाहावा. त्याचंच उत्तर लिहिण्याची सक्ती नसते, पण उत्तराला एक रोख हवा, आणि तो प्रश्नातून सहज मिळतो. समजा प्रश्न आहे, ‘कवितेत मौनाचा वापर कसा केला आहे?’ तर वाक्य असं होईल : ‘वाटणीचं दुःख कविता कुठेच बोलून दाखवत नाही, माणसांची कृती आकड्यांकडे आणि साखळीकडे सोपवून, आणि शेवटी आईच्या हातांकडे वळून ती ते दाखवते.’ या वाक्यात मत आहे, तीन टप्पे आहेत आणि ते कशातून दिसतात तेही आहे. इथवर वीस मिनिटं गेली तरी घाबरू नये. लिहायला पंचेचाळीस उरतात, तपासायला दहा.

प्रस्तावना चार वाक्यांची पुरे : प्रसंग, बोलणाऱ्याचा सूर आणि ते मुख्य वाक्य. कवितेचं महत्त्व, कवींची थोरवी यांना इथे जागा नाही.

मधल्या परिच्छेदांत खरी कसोटी लागते. अडखळण्याच्या टप्प्यावर एक कच्चं उत्तर असं येतं : ‘पुढे कवी म्हणतो की साखळी अडली. इथे चेतनगुणोक्ती अलंकार आहे. त्यामुळे कविता प्रभावी होते.’ शेवटचं वाक्य कुठल्याही कवितेला चिकटवता येईल, आणि हीच ते पोकळ असल्याची खूण. आता हे वाचा : ‘आंब्यापाशी माणसं थांबत नाहीत, साखळी “अडते”. झाड कुणाच्या वाट्याला जाणार हा प्रश्न वस्तूने विचारल्यासारखा होतो. लगेच येणारी “कुणीच काही बोललं नाही” ही ओळ एकटीच एक पूर्ण वाक्य आहे, आणि भावांबद्दल जे थेट सांगितलं आहे ते एवढंच की ते गप्प आहेत. “मग आकडे पुढे गेले” यात तर माणूस उरतच नाही. निर्णय आकड्यांनी घेतला.’ यात अलंकाराचं नाव नाही, तरी विश्लेषण भरपूर आहे. नाव माहीत असेल तर घालावं, पण परिच्छेदाची सुरुवात नावाने करू नये. आणि उद्धृत करायचे ते दोन-तीन शब्दच, अख्खी ओळ फार क्वचित.

तिसऱ्या आणि चौथ्या ओळीची जुळी रचना, ‘पाच पावलं’ दोन्हीकडे तंतोतंत समान, ही पहिल्या परिच्छेदाची. न्याय्य वाटणीचा हा तोल पुढे आंबा बिघडवतो, म्हणून त्या परिच्छेदाचं शेवटचं वाक्य आंब्याकडे नेणारं हवं. जोडणी अशी कवितेतूनच येते. ‘त्याचप्रमाणे’, ‘तसेच’ यांनी ती होत नाही.

शेवटच्या परिच्छेदात आधीचं पुन्हा सांगण्यात वेळ घालवू नये. तो कवितेच्या शेवटासाठी राखून ठेवावा. आईही वेगळं काढते आहे, खडे ‘बाजूला’ ठेवते आहे. मोजणीदाराचंच काम ती घरात करते आहे का, की जे जपायचं ते राखते आहे? दोन्ही अर्थ शक्य आहेत, आणि तसं लिहिणं ही कमजोरी ठरत नाही, फक्त दोन्हींना शब्दांचा आधार द्यावा. अपुरं राहिलेलं ‘ठेवत’ दोन्हींना जागा देतं.

सगळ्यात जास्त गुण जातात ते सुरुवातीच्या ओळींवर दीड पान लिहिल्यामुळे. म्हणून घड्याळाकडे एकदा मध्यावर बघावं. पस्तीस-चाळीस मिनिटं होऊनही आंब्यापाशीच असाल, तर चालू परिच्छेद दोन वाक्यांत मिटवावा आणि थेट ओसरीवर जावं. आईवरचा परिच्छेद लिहून झाल्यावर वेळ उरलाच, तर मागे येऊन आंब्याबद्दलचं एखादं वाक्य समासात खूण करून घालता येतं. परीक्षक ते वाचतात.