वीसपैकी सव्वीस

भाचीची गणिताची घटक चाचणी २० गुणांची होती. तपासलेल्या पेपरचे फोटो बहिणीने पाठवले आणि म्हणाली, "प्रश्नवार गुण मांडून दे, कुठे चुकतेय ते कळेल." मी आकडे एक्सेलमध्ये उतरवले, बेरीज केली आणि उत्तर आलं २६.

चूक अर्थातच माझी होती. पण ती शोधता आली, कारण तक्ता नीट आखलेला होता. दर उपप्रश्नाला एक ओळ, अशा १२ ओळी. रकाने चार: प्रश्न, कमाल गुण, मिळालेले गुण, शेरा. कमाल गुणांचा रकाना प्रश्नपत्रिका समोर ठेवून आधीच भरायचा. तो नसेल तर कोणता आकडा अशक्य आहे हे कळायला मार्गच नाही. पाचव्या रकान्यात हे सूत्र टाकून खालपर्यंत ओढलं:

```
=IF(C2>B2,"तपासा","")
```

पहिल्याच ओळीत "तपासा" उमटलं. एका गुणाच्या प्रश्नाला मी नऊ दिले होते! बाई कधी देवनागरी अंक लिहितात, कधी इंग्रजी. घाईत शेपूट ओढलेला त्यांचा १ मला इंग्रजी नऊ वाटला. देवनागरी ४ आणि इंग्रजी आठ यांचीही अशीच गल्लत होते. त्यामुळे शंका आली तर त्याच शिक्षकांनी तोच अंक दुसरीकडे कसा काढलाय ते पाहावं. आठ गुण कमी झाले, बेरीज १८ वर आली.

तरीही एक गुण जास्तच होता. प्रश्न २ मध्ये "कोणतेही तीन" सोडवायचे होते, भाचीने चारही सोडवले. बाईंनी चारही तपासून चौथ्याच्या १ गुणापुढे "जादा" लिहिलं होतं. असं उत्तर तक्त्यातून काढून टाकू नये. ओळ ठेवावी, गुणांचा चौकोन रिकामा सोडावा आणि "जादा, १" हे शेऱ्यात लिहावं. बेरीज झाली १७.

पेपरच्या पहिल्या पानावर मात्र वर्तुळात १५ होते. इथे पुन्हा सगळी बेरीज करत बसण्यात अर्थ नसतो, कारण तीच चूक पुन्हा होऊ शकते. बाईंनी समासात प्रत्येक प्रश्नाची बेरीज लिहिली होती, तीच शेजारी मांडली:

| प्रश्न | कमाल | माझी बेरीज | समासातली बेरीज |
|---|---|---|---|
| १ | ५ | ४ | ४ |
| २ | ६ | ५.५ | ५.५ |
| ३ | ६ | ५ | ३ |
| ४ | ३ | २.५ | २.५ |
| एकूण | २० | १७ | १५ |

फरक एकाच ओळीत सापडला. प्रश्न ३ चं पहिलं उत्तर पानाच्या तळाशी होतं, त्याला ३ गुण. दुसरं पान उलटल्यावर, त्याला २. ते बेरजेत धरायचे राहून गेले होते.

अर्ध्या गुणांनी वेगळाच घोळ होतो. एक्सेलमध्ये नुसतं 1/2 टाइप केलं तर त्याची तारीख होते, आणि तारीख म्हणजे आतून एक मोठा आकडा असल्यामुळे बेरीज चाळीस हजारांच्या पुढे जाते. हे निदान डोळ्यांत भरतं. ½ हे चिन्ह मजकूर म्हणून बसलं तर `SUM` ते गुपचूप वगळतं, ते अधिक वाईट. अर्ध्यासाठी 0.5 लिहावं. चौकोनात अंक डावीकडे चिकटलेला दिसला तर तो बहुधा मजकूर झालेला असतो. ज्या उत्तरावर नुसती बरोबरची खूण आहे आणि गुण नाहीत, तिथे शून्य भरू नये. चौकोन रिकामा ठेवून शिक्षकांना विचारावं.

बेरीज जुळली म्हणजे प्रत्येक आकडा बरोबर, असंही नाही. एका उपप्रश्नात एक गुण जास्त आणि शेजारच्यात एक कमी वाचला, तर एकूण जुळतंच. म्हणून शेवटी दुसऱ्या कोणीतरी तक्ता न बघता फोटोवरून गुण मोठ्याने वाचावेत, तेही शेवटच्या प्रश्नापासून वर. उलट वाचलं की डोळे अंदाजाने पुढे धावत नाहीत.

यातला बराच त्रास फोटोतच टळतो. पेपर खिडकीपाशी सपाट ठेवा, मोबाइल बरोबर वर धरा, समास कापू नका, मागची बाजू विसरू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला तर तो दाबला जातो आणि पेन्सिलीचे बारीक आकडे फुटतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर मूळ फोटो जसाच्या तसा मिळतो. दहावी-बारावीच्या उत्तरपत्रिकेची छायाप्रत मंडळाकडून मागवली, तरी तक्ता असाच आखता येतो.

बहिणीने तक्ता आणि मूळ पेपर दोन्ही शाळेत नेले. बाईंनी पान उलटून पाहिलं, १५ खोडून १७ केले आणि शेजारी सही केली.