शिक्का दुसऱ्याचा हवा

तालुक्याच्या ठिकाणच्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या मुलामुलींच्या बायोडेटात तीन-चार प्रोजेक्ट हमखास असतात: दुकानाची वेबसाइट, हवामानाचं अॅप, लायब्ररीची नोंदवही. अर्ज चाळणाऱ्याला ते पाठ झालेले असतात, कारण सगळे त्याच व्हिडिओंवरून केलेले. गिटहबवरच्या हिरव्या चौकोनांनीही तो फारसा भुलत नाही. गिटमध्ये नोंदीची तारीख मागची टाकता येते, हे त्याला ठाऊक असतं.

तिथे उपयोगी पडतं ते दुसऱ्याच्या प्रकल्पात स्वीकारलं गेलेलं काम. ओपन सोर्स प्रकल्प कॉलेजचं नाव विचारत नाहीत, बदल चालतो का एवढंच बघतात.

समजा, पायथॉनमधली एक छोटी लायब्ररी मजकुरातून तारखा शोधते. तिच्यात `15/08/2024` सापडते, पण ‘१५/०८/२०२४’ सापडत नाही. विद्यार्थिनी आत शोधते, तर अंकांसाठी `[0-9]` लिहिलेलं. पायथॉनमध्ये साध्या मजकुरावर `\d` देवनागरी अंकही ओळखतं आणि `int("१५")` बिनतक्रार 15 देतं. म्हणजे दुरुस्ती एका ओळीची. पण ती लगेच पाठवून चालत नाही. आधी चूक कशी घडते ते दाखवणारी तक्रार नोंदवायची, मग आज नापास होणारी आणि दुरुस्तीनंतर पास होणारी चाचणी लिहायची, आणि त्यानंतर बदल पाठवायचा.

खरी परीक्षा पुढे. प्रकल्प सांभाळणारा विचारतो, ‘१5’ असे मिसळलेले अंक आले तर? `\d` तेही घेतं. ते स्वीकारायचे की नाकारायचे, हे ठरवून तिला उत्तर द्यावं लागतं, चाचणी वाढवावी लागते. उत्तराला कधी आठवडे लागतात, कधी ते येतच नाही. बदल स्वीकारला गेला, तर ही सगळी चर्चा दुव्यासह कुणालाही वाचता येते. मुलाखतीत विचारायला यापेक्षा चांगलं साहित्य नाही.

संख्या वाढवायला गेलं की हे बिघडतं. 2020 च्या हॅक्टोबरफेस्टमध्ये टी-शर्टच्या आशेने लोकांनी माहितीपत्रकांत एखाददुसरा शब्द घुसवून बदलांचा पाऊस पाडला. वैताग एवढा झाला, की ज्या प्रकल्पांची इच्छा असेल तेवढ्यांनाच सामील करण्याचा नियम आयोजकांना स्पर्धा चालू असतानाच आणावा लागला. असा एक शब्द बायोडेटात ‘ओपन सोर्स योगदान’ म्हणून मिरवला, तर दुवा उघडताच तो उघडा पडतो.

बदल स्वीकारला गेला म्हणून सगळी दारं उघडत नाहीत. जिथे साठ टक्के आणि ‘एकही बॅकलॉग नको’ ही अट संगणकच तपासतो, तिथे तो दुवा कुणी उघडतच नाही. त्यामुळे अशा मुलांनी पोर्टलवर शंभर अर्ज टाकण्यापेक्षा, ज्या कंपन्या तीच लायब्ररी वापरतात तिथल्या इंजिनिअरला थेट चार ओळी लिहाव्यात: काय बिघडलं होतं, काय बदललं, आणि दुवा.